अबरीची रेषा आणि आजचे मुखपृष्ठ

गेल्या काही वर्षांत पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर वाहत्या, वलयांकित, नदीच्या गाळासारख्या थरावलेल्या रंगांची जी अमूर्त पार्श्वभूमी वारंवार दिसू लागली आहे, तिचे मूळ चित्रकाराच्या कुंचल्यात नसून संगणकाच्या गणितात असते; आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, तिचे मूल्यमापन करावयाचे तर प्रथम त्या जुन्या कलेकडे जावे लागते, जिला इराण व दख्खन येथे अबरी म्हणत आणि जी तुर्कस्तानात एब्रू या नावाने आजही जिवंत आहे. डिंक कतिरा अथवा समुद्री शेवाळ पाण्यात भिजवून केलेली दाटसर खळ पसरट परातीत ओतावयाची, बैलाचे पित्त मिसळलेले रंग तिच्यावर थेंबाथेंबाने सोडावयाचे, सुईने अथवा फणीने ते ओढावयाचे आणि तुरटीचे पाणी देऊन सुकविलेला कागद वरून अलगद टेकवून आकृती उचलून घ्यावयाची, हा तिचा दस्तूर.

या दस्तुरातील मर्म असे की परातीत रंग एकमेकांत मिसळत नाहीत. पित्तामुळे प्रत्येक थेंब पृष्ठभागावर पसरतो, पण शेजारच्या रंगात विरघळत नाही. तो त्याला बाजूला सारतो. म्हणून आधी टाकलेला रंग पुढच्या थेंबांच्या दाबाने आकुंचन पावत अखेर बारीक शिरेएवढा उरतो, आणि पृष्ठभाग जसजसा दाटत जातो तसतसे नंतरच्या रंगात पित्त अधिक घालावे लागते, अन्यथा तो थेंब पसरेनासा होतो किंवा तळाशी जातो. अबरीचे सारे सौंदर्य दोन रंगांमधील या अखंड, तीक्ष्ण सीमारेषेत आहे, असे माझे ठाम मत आहे. आणि आजच्या बहुसंख्य यांत्रिक पार्श्वभूमी मला निर्जीव वाटतात त्या नेमक्या याच ठिकाणी.

याचे कारण त्यांच्या निर्मितिपद्धतीत आहे. जॉस स्टॅम यांनी १९९९ साली मांडलेली स्थिर द्रवप्रवाहाची पद्धत आज अशा चित्रांच्या मुळाशी पुष्कळदा असते. तिच्यात पृष्ठभागाचे बारीक चौकटींत विभाजन करून प्रत्येक क्षणी रंग प्रवाहाबरोबर पुढे नेला जातो. परंतु नेमका बिंदू चौकटींच्या मध्ये पडला की सभोवतालच्या चार चौकटींची सरासरी घ्यावी लागते. एका पावलात ही सरासरी नगण्य. शेकडो पावलांनंतर मात्र प्रत्येक सीमा धूसर होते, आणि अबरीऐवजी ओल्या कागदावर पसरलेल्या शाईचा भास उरतो. धुराचे लोट दाखविण्यास ही पद्धत उत्तम आहे. अबरीस ती अपायकारक आहे.

दुसरा मार्ग ऑब्री जाफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या गणिती अबरीचा. येथे द्रवाचे अनुकरणच नाही. प्रत्येक क्रिया हे एक भूमितीय स्थलांतर आहे. थेंब पडला की आधीचा रंग नष्ट होत नाही, केवळ सरकतो, आणि त्याचे क्षेत्रफळ कायम राहते, एवढ्या एकाच अटीवर सगळा हिशेब उभा आहे. समजा, ४० मिमी त्रिज्येचा थेंब सोडला. त्याच्या केंद्रापासून ३० मिमीवर असलेला बिंदू कोठे जाईल? ३० चा वर्ग आणि ४० चा वर्ग यांच्या बेरजेचे वर्गमूळ, म्हणजे ५० मिमीवर; तो २० मिमी ढकलला गेला. ७५ मिमीवरचा बिंदू त्याच न्यायाने ८५ वर जातो, म्हणजे दहाच मिमी हलतो. जवळचे वलय अधिक ताणले जाते व पातळ होते, दूरचे जवळपास तसेच राहते, आणि परातीत डोळ्यांना दिसणारी शिरांची दाटी आपोआप अवतरते. फणीची ओढही अशीच: तिच्या मार्गाला समांतर असलेली प्रत्येक रेषा आपल्याच दिशेने घसरते, मार्गावर सर्वाधिक व दूर गेल्यावर उत्तरोत्तर कमी, म्हणून तेथेही क्षेत्रफळ ढळत नाही.

या पद्धतीचा खरा लाभ उलट वाचनात आहे. छापावयाच्या प्रत्येक बिंदूपासून आरंभ करून शेवटच्या क्रियेपासून पहिल्या क्रियेपर्यंत मागे जावयाचे: फणीची ओढ उलटवावयाची, मग थेंब आला की बिंदू त्याच्या त्रिज्येच्या आत असल्यास तोच रंग द्यावयाचा, बाहेर असल्यास बिंदूला पूर्वस्थानी नेऊन त्याआधीची क्रिया तपासावयाची. सरासरी कोठेच नाही, त्यामुळे कितीही मोठ्या आकारात सीमा तीक्ष्णच राहते. मर्यादाही सांगितली पाहिजे: खळीची चिकटाई, धुळीचा कण, हवेच्या बुडबुड्याने राहिलेला पांढरा डाग यांचा येथे अंमल नाही, आणि क्रियांचा क्रम चित्रकाराने विचारपूर्वक लावला नाही तर निष्पन्न होते ती निव्वळ आरास.

क्रम लावणे म्हणजे शीर्षकाला जागा देणे हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते. सतराव्या शतकातील विजापूरच्या चित्रकारांनी नको तो भाग झाकून अबरी केवळ आकृतीच्या मर्यादेत पाडली; कृश घोड्यावर आरूढ झालेल्या तापसाचे त्या परंपरेतील चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. प्रवाहाला मर्यादा घालण्याची ती दृष्टी आजच्या मुखपृष्ठांत क्वचितच आढळते. सर्वत्र सारखीच घनदाट वलये काढून त्यांवर शीर्षकासाठी अर्धपारदर्शक पट्टी चिकटविणे हा पराभव आहे. त्यापेक्षा शीर्षकाच्या जागी सर्वांत शेवटी एक मोठा, शांत थेंब सोडला, तर शिरा स्वतःच त्याच्या कडेला सरकतात आणि अक्षरांना स्वाभाविक पटांगण मिळते.

रंगमिश्रणाविषयी थोडक्यात. पडद्यावरील निळ्या व पिवळ्याची सरासरी करडी येते, रंगद्रव्यांची हिरवी. कुबेल्का व मुंक यांच्या १९३१ च्या सिद्धांतावर आधारलेले उपाय त्यासाठी आता सुलभ झाले आहेत, पण ते धुतलेल्या, विरघळत्या पार्श्वभूमीला उपयोगी. अबरीत प्रश्न निराळाच आहे: शिरा छपाईच्या बिंदूहून बारीक झाल्या की त्यांची सरासरी अपरिहार्य होते, आणि ती पडद्याच्या संकेतमूल्यांत न घेता प्रत्यक्ष प्रकाशाच्या मूल्यांत घेतली नाही, तर फणीने विंचरलेला भाग शेजारच्या भागापेक्षा विनाकारण काळवंडतो.

पार्श्वभूमीवर घातल्या जाणाऱ्या बारीक कणाची गोष्ट मात्र सविस्तर पाहण्याजोगी आहे. डेमी आकाराचे, २० मिमी जाडीच्या पाठीचे पुस्तक घ्या: दोन्ही बाजू, पाठ आणि चहूकडे कापासाठी ३ मिमी धरून सलग पट ३०६ बाय २२२ मिमी होतो, म्हणजे इंचाला ३०० बिंदूंच्या हिशेबाने सुमारे ३६१४ बाय २६२२ बिंदू. थेंबाच्या आत एखादी सौम्य छटा पटाच्या पूर्ण उंचीवर पसरलेली असून तिच्यात संगणकाच्या २० पायऱ्यांचाच फरक असेल, तर प्रत्येक पायरी ११ मिमी रुंदीचा पट्टा बनते आणि छापील पृष्ठावर डोळ्यांना खुपते. बारीक कण या पट्ट्यांना मोडतो. ते त्याचे पहिले काम, कागदाचा स्पर्श सुचविणे हे दुसरे. परंतु ऑफसेटची जाळी इंचाला १५० रेषांची असेल, तर एका बिंदूचा कण जाळीच्या घराहून निम्मा लहान पडतो व जवळजवळ लुप्त होतो. तो दोन ते तीन बिंदूंचा, म्हणजे सुमारे पाव मिमीपर्यंतचा असावा, आणि केवळ उजळपणात बदल करणारा असावा. तिन्ही रंगवाहिन्यांत स्वतंत्र कण घातले की छापात रंगीत ठिपक्यांची खरूज दिसते. मोजमाप ठरल्यानंतरच कण घालावा, कारण लहान चित्र वाढविले की कणही वाढून वाळूसारखा होतो.

हे पडद्यावर कळत नाही. खऱ्या मापाचा नमुना छापून, मुखपृष्ठावर जे आवरण चढावयाचे तेच त्यावर चढवून हातभर अंतरावरून पाहावे. मॅट आवरणाखाली गडद रंगांतील भेद कमी होतो, आणि पडद्यावर स्पष्ट दिसलेल्या दोन निळ्या शिरा एकमेकींत हरवतात. तसे झाल्यास कण वाढवू नये. त्यांपैकी एक शीर एक छटा उजळ करून पट पुन्हा काढावा.