किंबहुना आणि पोटफोड्या ष

बेल्जियमच्या हर्जे यांनी १९२९ पासून फ्रेंच भाषेत रचलेली टिनटिनची चित्रकथा आपल्याकडील मुलांच्या हाती इंग्रजीतून आली, व पुढे हिंदीतूनही. इंदूरच्या मराठी घरांतील नातवंडे ती हिंदीत वाचताना पाहून ती मराठीत कशी उतरेल, याचा आम्ही थोडा विचार केला. त्यासाठी आम्ही निवडली ती दोन जुळ्यासारख्या दिसणाऱ्या गुप्तहेरांची जोडी.

अनुवादकाची पहिली अडचण जागेची. चित्र व संवादाचा फुगा मूळचाच राहतो. बदलतो केवळ मजकूर. रोमन ओळी एकमेकींना खेटून बसू शकतात. देवनागरीस मात्र वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार यांसाठी जागा सोडावी लागते. त्यामुळे पाच ओळींच्या फुग्यात अनेकदा चारच मावतात. दाटीवाटीने बसविल्यास वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. अनुवाद फुग्यात मावलेला नाही, हे तेथेच ओळखावे.

या जोडीतील एकजण काही बोलला की दुसरा ‘मी तर याहूनही पुढे जाऊन म्हणेन’ अशा अर्थाचे फ्रेंच पालुपद उच्चारतो आणि तेच पुन्हा सांगतो. पुढे जाण्याचा आव आणि जागच्या जागी पाऊल, यात सारी गंमत आहे. इंग्रजी अनुवादकांनी ‘टू बी प्रिसाइज’ हे सुटसुटीत पालुपद योजले. फुगा सांभाळला गेला. परंतु पुढे जाण्याचा आव गेला, राहिला तो काटेकोरपणाचा. आम्ही वर दिलेले मराठी रूपांतर अर्थास धरून आहे, पण सहा शब्दांनी निम्मा फुगा खाईल. मराठीत मात्र चार अक्षरांचा एक शब्द सिद्ध आहे: ‘किंबहुना’.
“प्रकरण गंभीर आहे.”
“किंबहुना, गंभीरच आहे प्रकरण!”
आमची हयात सरकारी टिपणांत गेली. या शब्दानंतर नवे काही येतेच असे नाही, हे आम्ही जाणतो! मराठीत शब्दांची जागा फिरविता येते, म्हणून पुनरुक्ती हुबेहूब वाटत नाही, हाही लाभच. अर्थात हा शब्द या दोघांच्याच तोंडी शोभेल. संतापी कॅप्टन हॅडॉकच्या तोंडी तो हास्यास्पद होईल, आणि तेही नको त्या अर्थाने.

नावांचा प्रश्न अधिक नाजूक. फ्रेंचमध्ये दोघांच्या आडनावांत केवळ शेवटचे अक्षर वेगळे, इंग्रजीत एक ‘पी’ कमीअधिक. उच्चार मात्र एकच. हिंदी आवृत्तीने त्यांना संतू-बंटू केले. नावे छोटी, कानाला गोड. परंतु कानाला एक आणि डोळ्याला दोन, ही मूळची खोडी त्यांत उरत नाही, राहते केवळ यमक. आमच्या मते मराठीत ते जोशी व जोषी व्हावेत. दोन्ही रूपे आपल्या समाजात प्रत्यक्ष प्रचलित आहेत, दोहोंस जागाही सारखीच लागते, आणि “मी पोटफोड्या ‘ष’चा” असे एकाने दुसऱ्याआधी घाईने सांगून टाकले, तर खुलाशासाठी वेगळा फुगा नको.