दुकानाच्या पाटीचे पूर्वचित्र : एक चिकित्सा

नवी पाटी आणि नवी रंगसंगती दुकानाच्याच छायाचित्रावर चढवून पाहण्याची पद्धत आता लहान गावांतील पाटी करणाऱ्यांपर्यंतही पोहोचली आहे. ते पूर्वचित्र पाहूनच दुकानदार होकार देतो आणि आगाऊ रक्कमही मोजतो. म्हणून हे चित्र कितपत खरे बोलते, हा प्रश्न केवळ सौंदर्यदृष्टीचा राहत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते रंग आणि अंतर या दोन बाबतींत ते फसवते.

वह्या-पुस्तकांच्या एका दुकानाचे उदाहरण घेऊ. पाटीची जागा 10 फूट रुंद व 3 फूट उंच आहे. भिंत गर्द हिरवी असून ती फिकट बदामी करावयाची आहे. पाटीचे चार कोपरे छायाचित्रातील चौकटीच्या कोपऱ्यांशी जुळवले की पाटी जागेवर बसते. रंगाचे काम इतके सरळ नाही. सावल्या व गिलाव्याचा पोत टिकावा म्हणून नवा रंग बहुधा Multiply या मिश्रणाने चढवतात. हे मिश्रण मूळ चित्र गडद करू शकते, उजळ करू शकत नाही. त्यामुळे हिरव्यावरील बदामी मळकट हिरवाच दिसतो. आधी भिंतीचा भाग रंगहीन करून उजळावा आणि मगच रंग द्यावा. छायाचित्र उन्हे कलल्यावर घेतले असेल तर त्यातला तांबूसपणा उरतोच, हे वेगळे. रंगाचा निर्णय शेवटी भिंतीवर हातभर पट्टा मारूनच घ्यावा लागतो.

याहून मोठी फसवणूक अंतराची आहे. पडद्यावर पाटी जवळून दिसते, शिवाय पाहणाऱ्याला नाव आधीच ठाऊक असते. ग्राहक मात्र रस्त्यापलीकडून, समजा 40 फुटांवरून, पाहतो. पडदा डोळ्यांपासून 2 फुटांवर असेल तर चित्र प्रत्यक्षाच्या एक-विसांशच असावयास हवे. म्हणजे 10 फुटांची पाटी पडद्यावर 6 इंचच भरली पाहिजे. दहा फुटांमागे एक इंच हा अक्षरांच्या उंचीचा रूढ अंदाज धरल्यास 4 इंची अक्षर तेथे जेमतेम 5 मिलिमीटर उरते.

देवनागरीची अडचण येथेच उघड होते. वरच्या-खालच्या मात्रांना जागा सोडावी लागत असल्याने पुष्कळ टंकांत एकाच आकड्याचे मराठी अक्षर शेजारच्या रोमन मोठ्या लिपीपेक्षा ठेंगणे दिसते. महाराष्ट्रात 2022 च्या दुरुस्तीनुसार पाटीवरील मराठी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान असता कामा नयेत. तेव्हा आकडा न पाहता शिरोरेषेपासून तळापर्यंतची उंची मोजावी.

आपल्या उदाहरणात 6 इंची चित्रावर दुकानाचे नाव वाचता आले. ‘झेरॉक्स, लॅमिनेशन, स्पायरल’ ही ओळ मात्र नुसती रेघ झाली. ती पाटीवरून उतरवून शटरशेजारच्या खांबावर, डोळ्यांच्या उंचीला, हलवावी लागली.