चेनला घातलेलं तेल

नृसिंहवाडीला मामांच्या घरी माळ्यावर एक पत्र्याचा डबा आहे. त्यात आईने भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मामांना लिहिलेलं पंधरा पैशांचं कार्ड सापडलं. दर दिवाळीला फोनवर फुलापानांचे शुभेच्छा-संदेश येतात, त्यांत 'अतूट' हा शब्द हटकून असतो. या कार्डात तो नाही, आणि 'आभार'ही नाही. अख्खा मजकूर एवढाच:

'ती. दादास सा. न. वि. वि. दुकानात गर्दी म्हणून तू आला नाहीस, समजलं. काल चंद्र दिसला तेवढ्यात ओवाळून घेतलं. माझ्या बी.एड.च्या वर्षी तू सायकल विकलीस. म्हणालास, चेन सारखी पडते. आदल्या रविवारी तू तिला तेल घालत होतास, मी ओसरीवरून पाहिलं होतं. तेव्हा बोलले नाही. दक्षिणद्वार झाल्याचं कळवलंस, घरात पाणी किती आलं ते खरं लिही. तुझी बेबी.'

मायना रीतीचा, आणि लगेच 'तू'. आपल्याकडे थोरल्या भावाला पत्राच्या कपाळावर नमस्कार करतात आणि खाली त्याच्याशी भांडतात. त्यात नवल नाही, पण पुढचं वाक्य पाहा. भाऊ जवळ नसला की बहीण चंद्राला ओवाळते. द्वितीयेची कोर मावळतीला अगदी खाली असते आणि सूर्यामागोमाग थोड्याच वेळात बुडते. ताम्हन, निरांजन, सुपारी तयार ठेवून गच्चीवर वाट पाहावी लागते, ढग आला तर संपलं. ही सगळी धांदल 'तेवढ्यात' या एका शब्दात आली आहे. भाऊ आला नाही याची तक्रारही तिथेच जिरली.

मग सायकल. इथे माझ्यासारखा हौशी लेखक 'तू माझ्यासाठी केवढा त्याग केलास' असं लिहून मोकळा झाला असता. आईने तीन वाक्यं शेजारी शेजारी ठेवली: सायकल विकलीस, चेन पडते म्हणालास, चेनला तेल घालत होतास. विकायची वस्तू कोणी तेलपाणी करून ठेवत नाही, निदान कुरकुरणारी चेन तरी नाही. ज्याला ती हवी असते तोच फडकं घेऊन बसतो. म्हणजे चेनचा बहाणा खोटा होता. पण 'खोटं बोललास' असं ती म्हणत नाही. मामांनी फी भरताना तिचा मान राखला होता, ती त्यांचं खोटं उघडं न पाडता त्यांचा राखते. आभाराच्या पत्रात हेच सर्वांत अवघड. फार बोललं की देणाऱ्याने जे झाकून दिलं त्यावरचं फडकं आपणच ओढून काढतो.

'तेव्हा बोलले नाही.' यापुढे 'म्हणून आज लिहिते' असं काहीतरी यायला हवं होतं. माझ्या मते ते नाही हे फार बरं झालं. एक भाऊ गप्प, एक बहीण गप्प, आणि मध्ये इतकी वर्षं. कार्डावर जागा होती, दोन ओळी सहज मावल्या असत्या.

शेवटची ओळ मला आधी साधी चौकशी वाटली होती. पण वाडीचं माणूस ती वेगळी वाचेल. पावसाळ्यात कृष्णा-पंचगंगा फुगल्या की पाणी देवळात शिरतं, दत्ताच्या पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं. तो दक्षिणद्वार सोहळा. त्या पाण्यात स्नानाला गावोगावहून माणसं येतात. त्याच पाण्यामुळे नदीकाठच्या घरांत धान्याचे डबे माळ्यावर चढवायची वेळ येते. मामा पत्रात नेहमी सोहळा कळवायचे, डबे कळवायचे नाहीत. 'खरं' हा शब्द म्हणून आला. चेनची गोष्ट सांगून झाल्यावर आला, त्यामुळे त्याला धार आहे. तुझी खोटं बोलायची पद्धत मला ओसरीपासून ठाऊक आहे, असं ती सांगते आहे. वर आभार मानते आणि खाली जाब विचारते, आणि मला तरी हे दोन्ही एकच वाटतं.

एक उणं काढायचं तर दुकानाचं वाक्य. 'समजलं' हा शब्द थोडा फुरंगटलेला आहे आणि पुढच्या चंद्राशी त्याचं जमत नाही. मी असतो तर गाळला असता. आईने गाळला नाही, कारण ती रागावली होती.

मामांचं उत्तर आईकडे होतं, तेही कार्डच: पाणी उंबऱ्यापर्यंत आलं होतं, काळजी नसावी, पेढे पाठवतो आहे. मामी सांगते, त्या वर्षी स्वयंपाकघरातलं जातं पाण्याखाली होतं.