खंडनाचा रकाना
दावा, पुरावा, खंडन अशा तीन तासांच्या या पाठमालेतला शेवटचा तास आम्हाला कच्चा वाटतो. सोलापूरचेच उदाहरण घेऊ. दावा : जिल्ह्यात ऊस नको. पुरावा : वर्षाचा पाऊस साधारण ५५० मिलिमीटर, उसाला पाणी लागते त्याच्या तिप्पट तरी. यावर 'उसाने शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो' हे उत्तर टाळ्या घेते. पण ते खंडन नव्हे, नवा दावा झाला. 'ऊस पावसावर नाही, उजनीच्या कालव्यावर वाढतो' हे मात्र पुराव्यालाच भिडते. गुणपत्रकात दोघांनाही सारखेच गुण पडतात, कारण तिथे रकाना आहे 'खंडन प्रभावी' एवढाच. त्याऐवजी प्रतिपक्षाचे नेमके कोणते वाक्य खोडले, ते परीक्षकाने रकान्यात लिहावे. वाक्य सापडले नाही, तर शून्य. आवाजाचे गुण (ते दहा आहेत!) निम्मे केले तरी चालतील.