कोष्टकात न मावणारा संथारा

आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या उपचारांवरचे निबंध वाचताना एक कोष्टक वारंवार भेटतं. डावीकडे धर्मांची नावं, वर प्रश्न: व्हेंटिलेटर काढायला परवानगी? अन्नपाणी थांबवायला परवानगी? आणि चौकटींमध्ये ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘अटींसह’. माझ्या पीएचडीच्या एका प्रकरणाच्या पहिल्या मसुद्यातही असं कोष्टक होतं, आणि मला त्याचा अभिमानही होता. दिसायला ते निःपक्षपाती असतं: सगळ्यांना सारखी जागा, कुणावर टीका नाही. तरीही त्यातून बहुतेक धर्मांवर अन्याय होतो असं माझं मत आहे. तो कुठे होतो हे एका चौकटीत शिरून पाहू. चौकट आपल्या ओळखीची आहे: जैन, संथारा.

कोष्टकात या जागी साधारण असं वाक्य असतं: ‘जैन धर्म उपवासाने मृत्यू पत्करण्यास मान्यता देतो.’ वाक्य खोटं नाही. पण कोल्हापूर-सांगलीकडच्या एखाद्या जैन आजींना ते वाचून दाखवलंत, तर ‘हे आमच्याबद्दलच आहे ना?’ असं त्या विचारतील.

संथारा, म्हणजेच सल्लेखना. सल्लेखना या शब्दाचा अर्थ नीट कृश करणं, झिजवणं. परंपरा दोन गोष्टी झिजवायला सांगते: काया आणि कषाय. कषाय म्हणजे क्रोध, मान, माया, लोभ. अन्न कमी करणं हा त्यातला बाहेरून दिसणारा अर्धा भाग. समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात सल्लेखना कधी घ्यावी हे सांगितलं आहे: ज्यावर उपाय उरलेला नाही असं संकट, दुष्काळ, म्हातारपण किंवा रोग आला तर. मग आधी वैर आणि मोह सोडायचे, सगळ्यांची क्षमा मागायची, सगळ्यांना क्षमा करायची. त्यानंतर घन आहार, मग पातळ पदार्थ, मग फक्त पाणी, आणि शेवटी तेही, असा क्रम. हे सगळं गुरूंच्या अनुमतीने. 1955 साली आचार्य शांतिसागर महाराजांनी आपल्या मराठवाड्यातल्या कुंथलगिरीला सल्लेखना घेतली, तेव्हा दर्शनाला माणसांची रीघ लागली होती. एकट्याने, दार लावून करायची ही गोष्ट नव्हे.

आता सगळ्यात महत्त्वाचा तपशील. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सल्लेखनेचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला बट्टा लावणारे दोष दिले आहेत. पहिला, जगण्याची इच्छा. दुसरा, मरण्याची इच्छा. पुढचे तीन: मित्रांची आसक्ती, भोगलेल्या सुखांची आठवण आणि पुढच्या जन्मी सुख मिळावं हा संकल्प. दुसरा दोष पुन्हा वाचा. लवकर मरण यावं असं मनात आलं तरी व्रत डागाळतं. म्हणजे कोष्टकाचा मथळा जे विचारतो, ‘मृत्यू पत्करायला परवानगी आहे का?’, ती इच्छाच परंपरेच्या लेखी चूक आहे. चौकटीत ‘हो’ लिहिलं काय किंवा ‘नाही’ लिहिलं काय, उत्तर चुकणारच, कारण प्रश्न दुसऱ्या घरातून आला आहे.

ही चूक फक्त विद्यार्थी करत नाहीत. 10 ऑगस्ट 2015 रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने निखिल सोनी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात संथारा आत्महत्या म्हणून हाताळावा असा आदेश दिला. ज्याने व्रत घेतलं त्याला आत्महत्येच्या प्रयत्नाचं कलम, आणि ज्यांनी साथ दिली त्यांना प्रवृत्त करण्याचं. ही प्रथा जैन धर्माचा अत्यावश्यक भाग आहे हे सिद्ध झालेलं नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. 31 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने या निकालाला स्थगिती दिली. न्यायालयाला कायद्याच्या शब्दांतच बोलावं लागतं, हे मान्य. त्याच्यापुढे दोनच खण होते, आत्महत्या किंवा संरक्षित धर्माचरण. निबंध लिहिणाऱ्यावर तसं बंधन नाही. तरीही बरेच निबंध त्या दोन खणांतच फिरत राहतात, आणि हल्ली तिसरा खण सापडल्यापासून संथाऱ्याला ‘स्वेच्छेने अन्नपाणी थांबवण्याचा जैन प्रकार’ म्हणतात. अमेरिकेत वेदना टाळण्यासाठी आणि मृत्यूची वेळ आपल्या हातात राहावी म्हणून जो माणूस अन्नपाणी थांबवतो, त्याच्या हेतूत मरण लवकर यावं ही इच्छा उघड असते. बाहेरून कृती सारखी दिसते. जैन आचार्यांच्या दृष्टीने तो दुसरा अतिचार आहे.

जैन विचारवंतांनी आत्महत्येच्या आक्षेपाला उत्तर दिलेलं नाही असंही नाही. पूज्यपादांच्या सर्वार्थसिद्धीत एका व्यापाऱ्याचा दाखला येतो. कोठारावर संकट आलं तर तो आधी कोठार वाचवायला बघतो. ते वाचत नाही असं दिसलं की आतला मौल्यवान माल वाचवतो. शरीर हे कोठार, व्रतं आणि शील हा माल. युक्तिवादाचा कणा असा की आत्महत्येत राग, द्वेष किंवा मोह असतो, इथे तो नाही. तुम्हाला हे पटलं पाहिजे असं नाही. ‘आपल्या मनात द्वेष नाही हे माणसाला स्वतःला तरी कळतं का?’ असा प्रश्न तुम्ही विचारू शकता. पण तो विचारण्याआधी युक्तिवाद त्याच्या पूर्ण ताकदीने मांडलेला असायला हवा.

इथे थांबलात तर निबंध दुसऱ्या बाजूला कलंडेल. न्याय्य मांडणी म्हणजे गौरवगाथा नव्हे. ज्या घरात म्हातारी आई परावलंबी आहे, औषधांचा खर्च चालू आहे आणि व्रत घेतलं की घराण्याचा मान वाढणार आहे, तिथे तिचा होकार कितपत मोकळा असतो? तिने मध्येच पाणी मागितलं तर काय? ही शंका परंपरेच्या बाहेरची समजू नका. गुरूंची अनुमती आणि मरणेच्छेला दोष मानणं ही बंधनं परंपरेने स्वतःच घातली आहेत. तेव्हा टीका करताना बाहेरची मोजपट्टी आणायची गरजही पडत नाही. परंपरेच्या नियमांनीच विचारता येतं: या घटनेत ते नियम पाळले गेले का? अशी टीका श्रद्धावान वाचकही ऐकून घेतो.

आता कोष्टकाच्या वरच्या ओळीकडे पाहू, कारण तिथे अन्याय लपून बसतो. ‘व्हेंटिलेटर काढणं आणि न लावणं यात नैतिक फरक नाही’ हे पाश्चात्त्य जैवनीतिशास्त्रात जवळपास गृहीत धरलं जातं. अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या आयोगाने 1983 च्या अहवालात तसं म्हटलं, आणि पाठ्यपुस्तकंही तेच सांगतात. म्हणून कोष्टकात दोन्हींसाठी एकच स्तंभ असतो. पण ऑर्थोडॉक्स ज्यू विचारात बहुतेकांसाठी फरक नेमका तिथेच आहे. मरणासन्न माणसाचं मरण अडवणारा अडथळा दूर करणं चालेल, पण त्याला जिवंत ठेवणारी चालू क्रिया हाताने बंद करणं नाही. एकच स्तंभ आखलात, की या मंडळींना मत मांडायला जागाच उरत नाही. आणि तुमच्या वाचकाला तर स्तंभ ‘तटस्थ’ वाटतो.

इस्रायलने हा पेच कसा हाताळला हे बघण्यासारखं आहे. प्राध्यापक अव्राहम स्टाइनबर्ग यांच्या अध्यक्षतेखाली 59 जणांची समिती नेमली गेली. तिच्या कामातून 2005 चा मरणासन्न रुग्ण कायदा आला. त्याने उपचारांचे दोन प्रकार केले: सलग चालणारे, जसा व्हेंटिलेटर, आणि फेऱ्यांनी होणारे, जसं डायलिसिस. पुढची फेरी सुरू न करणं चालेल, सलग उपचार थांबवणं चालणार नाही. मग व्हेंटिलेटरचं काय? त्याला टायमर बसवायचा, म्हणजे तोही फेऱ्यांचा उपचार होतो. वेळ संपली की पुन्हा सुरू करायचा की नाही, हे ठरवता येतं. रब्बी एलिएझर वाल्डनबर्ग यांनी ही कल्पना काही दशकं आधी मांडली होती. आपल्यापैकी अनेकांची पहिली प्रतिक्रिया ‘ही तर पळवाट’ अशी असते, माझीही होती. पण ‘करणं’ आणि ‘न करणं’ यातला फरक ज्याला खरा वाटतो, त्याच्यासाठी टायमर ही पळवाट नाही. त्या फरकाचा मान राखून रुग्णाला मोकळं करण्याची ती वाट आहे. निबंधात हसू आणणारा शब्द वापरण्याआधी हे एक वाक्य लिहून पाहा.

आणि हे म्हणजे ‘ज्यू धर्माचं मत’ नव्हेच. अमेरिकेतल्या कन्झर्व्हेटिव्ह ज्यू पंथाच्या कायदेविषयक समितीपुढे 1990 साली दोन रब्बींचे दोन निबंध आले, एलियट डॉर्फ आणि अव्रम राइस्नर यांचे. नळीने दिलेलं अन्नपाणी थांबवण्याच्या प्रश्नावर दोघांची मतं वेगळी होती. समितीने दोन्ही निबंध मान्य केले. एका पंथाच्या एका समितीत, एकाच वर्षी, दोन वैध उत्तरं. कोष्टकाच्या चौकटीत हे कुठे लिहाल?

मग मी काय केलं? कोष्टक काढून टाकलं आणि प्रत्येक परंपरेसाठी एक परिच्छेद लिहिला. त्यात चार गोष्टी येतील असं पाहिलं: बोलतंय कोण (ग्रंथ, पीठ, समिती की घरातली प्रथा), त्यांचा स्वतःचा प्रश्न काय, त्याला त्यांचं कारण काय, आणि आतून विरोध कोणाचा. जैन चौकटीतलं ते वाक्य मग असं झालं: ‘सल्लेखना मानणाऱ्या जैन परंपरेत, जीव वाचवण्याचा उपाय उरलेला नसताना, गुरूंच्या अनुमतीने आहार क्रमाने सोडता येतो, मात्र मरणाची इच्छा धरणं हा व्रतातला दोष मानतात, आणि म्हणूनच ते याला आत्महत्या म्हणत नाहीत. अवलंबून असलेल्या वृद्धांच्या बाबतीत ही अट पाळली जाते का, हा प्रश्न मोकळा आहे.’ सात शब्दांचं काम आता जवळपास सहा ओळींत होतं.

याची किंमत आहे. दहा धर्म घेता येत नाहीत. दोन किंवा तीनच नीट होतात. परीक्षक विचारतात, ‘बौद्ध का नाहीत? शीख का नाहीत?’ तेव्हा निवड का केली हे लिहावं लागतं. आणि शेवटी तुमचं स्वतःचं मतही द्यावं लागतं, कारण सगळ्यांचं म्हणणं सांगून गप्प बसणाऱ्या निबंधाचा रुग्णाच्या खाटेशी उभ्या माणसाला काही उपयोग नाही. माझी कसोटी साधी आहे. त्या परंपरेतल्या जाणत्या माणसाला तुमचा परिच्छेद वाचायला द्या. ‘तुमचा निष्कर्ष मला मान्य नाही, पण आमचं म्हणणं बरोबर लिहिलंत’ असं तो म्हणाला, तर पुढचा परिच्छेद लिहायला हरकत नाही.