लेलँडचा पेपर आणि गॅमा विकत घेणारा: हेज किती वेळा करायचं?

ऑप्शन्स आणि ट्रान्झॅक्शन कॉस्ट यांवर काम करायचं ठरवलंत, की हेन लेलँड यांचा १९८५ सालचा 'जर्नल ऑफ फायनान्स'मधला पेपर वाचावाच लागतो. पेपर छोटा आहे आणि त्यातली युक्ती सुंदर आहे: ठरावीक अंतराने हेज करा, आणि खरेदी-विक्रीचा खर्च व्होलॅटिलिटीतच मिसळून टाका. मग ब्लॅक-शोल्सचं सूत्र जवळपास जसंच्या तसं वापरता येतं. माझा आक्षेप युक्तीवर नाही. ती ऑप्शन विकत घेतलेल्या माणसाला लावताना आपण काय गृहीत धरतो, यावर आहे.

आधी तो माणूस काय करतो ते बघू. त्याने कॉल घेतलाय आणि डेल्टाइतके शेअर विकलेत. भाव चढला की डेल्टा वाढतो, म्हणून तो आणखी शेअर विकतो. भाव पडला की परत घेतो. म्हणजे दर वेळी महाग विकणं आणि स्वस्त घेणं. याला गॅमा स्कॅल्पिंग म्हणतात. फुकट मात्र काही नाही, कारण रोज थीटा जातो. प्रत्यक्षातली व्होलॅटिलिटी ऑप्शनच्या भावात धरलेल्यापेक्षा, म्हणजे इम्प्लाइडपेक्षा, जास्त निघाली तरच सरासरीने काही उरतं.

इथे एक समज पक्का बसलेला असतो: जितक्या वेळा स्कॅल्प कराल तितका नफा जास्त. हे आकडे घालून तपासू.

शेअर १,००० रुपये, तीन महिन्यांचा अ‍ॅट-द-मनी कॉल, इम्प्लाइड २०%, प्रत्यक्षातली २४%, व्याजदर शून्य. गॅमा साधारण ०.००४ येतो. आपल्याकडे १,००० शेअर्सवरचे कॉल आहेत असं धरा. वर्षाचे २५२ दिवस घेतले तर रोजचा थीटा ३१७ रुपये आणि गॅमाची रोजची सरासरी कमाई ४५७ रुपये. हातात उरतात १४०. दलाली, कर आणि खरेदी-विक्री भावातला फरक मिळून प्रत्येक व्यवहारावर ०.०५% जातात असं माना. दिवसातून एकदा हेज केलं तर सरासरी ४८ शेअर्सची उलाढाल होते, म्हणजे २४ रुपये खर्च.

आता २० दिवसांचा हिशोब. सोयीसाठी गॅमा आणि थीटा स्थिर धरलेत आणि व्होलॅटिलिटी वेळेवर सारखी पसरलीय असं मानलंय.

| हेज | खर्च वजा जाता सरासरी नफा (रु.) | नफ्याचं प्रमाणित विचलन (रु.) |
|---|---|---|
| आठवड्यातून एकदा | २,५८० | ६,४६० |
| दिवसातून एकदा | २,३२० | २,८९० |
| दिवसातून ६ वेळा | १,६२० | १,१८० |
| दिवसातून ३६ वेळा | −१०० | ४८० |

खर्चाआधीची सरासरी कमाई चारही ओळींत २,८०० रुपयेच आहे. भावाच्या हालचालींचा एकमेकींशी संबंध नसेल, तर दोन छोट्या हालचालींच्या वर्गांची सरासरी बेरीज एका मोठ्या हालचालीच्या वर्गाच्या सरासरीइतकीच येते. म्हणजे जास्त वेळा हेज करून तुम्ही नफा नाही, निश्चितता विकत घेता. आणि तिची किंमत भराभर चढते. रोज एकवरून सहावर गेलात तर ७०० रुपये देऊन विचलन १,७१० ने कमी होतं. सहावरून छत्तीसवर गेलात तर १,७२० रुपये देऊन विचलन फक्त ७०० ने उतरतं. हेजची संख्या n धरली तर विचलन √n च्या प्रमाणात घटतं, खर्च √n च्या प्रमाणात वाढतो.

आता लेलँडकडे परत येऊ. त्यांचा दुरुस्तीचा आकडा असा:

```
A = sqrt(2/π) · k / (σ · sqrt(Δt))
```

यात k हा येण्याजाण्याचा मिळून खर्च आहे, आपल्या उदाहरणात ०.१%. ऑप्शन विकणारा किंवा बनवणारा असेल तर σ² च्या जागी σ²(1 + A) घ्यायचं. लेलँड स्वतः पोर्टफोलिओ इन्शुरन्सच्या जनकांपैकी एक. त्या धंद्यात भाव पडला की विकायचं आणि चढला की घ्यायचं असतं. त्या बाजूला A कितीही मोठा झाला तरी सूत्र कोलमडत नाही, ऑप्शन फक्त महाग होतो.

घेणाऱ्यासाठी चिन्ह उलटतं: σ²(1 − A). हॉगार्ड, व्हॅली आणि विल्मॉट यांनी १९९४ मध्ये हे मोकळेपणाने मांडलं. आपल्या उदाहरणात दिवसाला ३६ हेज म्हणजे A ≈ ०.३२, आणि परिणामी व्होलॅटिलिटी १९.८%. इम्प्लाइड २०% आहे, म्हणून तोटा. दिवसाला सुमारे ३६० हेज, म्हणजे एनएसईच्या ३७५ मिनिटांच्या सत्रात जवळपास मिनिटाला एक, केलेत तर A एकवर पोचतो. सगळी गॅमा कमाई खर्चात जाते. त्यापुढे कंसातली संख्या ऋण होते आणि समीकरणाला अर्थच उरत नाही.

लेलँड यांचा मुख्य दिलासा असा होता, की Δt शून्याकडे नेला की हेजमधली चूकही शून्याकडे जाते. कबानोव आणि सफारियान यांनी १९९७ मध्ये दाखवलं, की k स्थिर ठेवला तर विकणाऱ्याच्या बाबतीतही हे खरं नाही; चूक उरतेच. घेणाऱ्याला तर त्या दिशेने जायचीच सोय नाही. म्हणून माझ्या मते या पेपरची खरी मर्यादा ही, की त्यात Δt बाहेरून दिलेला आहे. गॅमा स्कॅल्प करणाऱ्याचा सगळा प्रश्नच तो निवडण्याचा आहे.

व्हॅली-विल्मॉट यांचा १९९७ चा पेपर हाच प्रश्न हातात घेतो. घड्याळ बघू नका, डेल्टाभोवती एक पट्टा ठेवा आणि पोझिशन त्याबाहेर गेली तरच, तीही फक्त कडेपर्यंत, परत आणा. पट्ट्याची रुंदी खर्चाच्या घनमुळाच्या प्रमाणात बदलते: खर्च आठपट झाला तर पट्टा दुप्पट. पण इथेही फुकट काही नाही. तुम्हाला जोखीम किती नकोशी आहे याचा एक आकडा द्यावा लागतो, आणि उत्तर त्यावर अवलंबून असतं. शिवाय सूत्र खर्च लहान असतानाचंच आहे.

या विषयावरचा बॅकटेस्ट वाचताना किंवा स्वतः करताना एक चाचणी जरूर करा. मिनिटाच्या हेजिंगमध्ये खर्चाआधीची कमाई रोजच्या हेजिंगपेक्षा बरीच जास्त दिसतेय का? दिसत असेल तर आधी संशय घ्या. शेवटच्या व्यवहाराचा भाव बिड आणि आस्क यांच्यात उड्या मारतो, आणि त्या उड्या व्होलॅटिलिटी म्हणून मोजल्या जातात. तुम्हाला तर बिडवर विकावं आणि आस्कवर घ्यावं लागतं, त्यामुळे ती कमाई कागदावरच राहते. बिड-आस्कच्या मध्यभावावरून एक मिनिट, पाच मिनिटं, एक तास, एक दिवस अशी व्होलॅटिलिटी काढून बघा. शेवटच्या भावावर दिसणारी वाढ मध्यभावावर गायब झाली, तर तो गॅमा नव्हता, नुसता आवाज होता. मध्यभावावरही टिकली, तर भाव दिवसात खरंच मागे फिरतोय आणि वारंवार हेज करण्याला काही आधार आहे. तेव्हाही, फक्त सरासरी नफा देणारा आणि विचलनाचा रकाना नसलेला तक्ता पुरेसा मानू नका.