नटवलेला परिच्छेद आणि गद्यकविता

उपमा ठासून भरल्या की गद्यकविता होते, हे खोटं आहे. बोदलेअर १८६७ साली वारला. त्याच्या गद्यकवितांचं पुस्तक १८६९ ला निघालं. त्यातली एक बघा. निवेदक भिकाऱ्याला बडवतो, दोन दात पाडतो. भिकारी उलटतो, ह्याचे चार पाडतो. तेव्हा कुठं निवेदक त्याला बरोबरीचा म्हणतो, थैलीतले पैसे वाटून देतो. भाषा कशी? साधी, हिशेबी. पण दोनाचे चार खोडा, कविता मेली. नटवलेल्या परिच्छेदातलं वाक्य गाळलं तरी हळहळ तेवढीच उरते. शिवाय तो मागच्यापुढच्या मजकुरावर रेलतो. गद्यकविता एकटी उभी असते. म्हणून वाद घालताना शब्दांचा गोडवा मोजू नका. एक वाक्य काढा, काय कोसळतं ते दाखवा.